त्रास झाला असल्यास

गेल्या पावसाळ्यात आमच्या लिफ्टवर एक कागद चिकटला. 'लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' सकाळी चिकटला आणि दुपारी त्याच्याखाली लाल बॉलपेनानं दोन ओळी उगवल्या: 'क्षमस्व म्हणजे तू क्षमा कर. आज्ञार्थ, एकवचन. बत्तीस बिऱ्हाडांना एकदम अरेतुरे? अनेकवचनी क्षमध्वम् होतं. त्यापेक्षा 'माफ करा' लिहावं आणि लिफ्ट सुरू करावी.'

खाली सही नव्हती. तिची गरजही नव्हती. डोंबिवली पूर्वेच्या आमच्या चार मजली इमारतीत लाल बॉलपेन एकाच खिशाला असतं. तो खिसा दुसऱ्या मजल्यावरच्या सरांचा. पोरं त्यांना 'ऱ्हस्वदीर्घ सर' म्हणतात, आणि सरांना ते ठाऊक आहे. त्यांची तक्रार फक्त एवढीच, की पोरं हे नाव चॉकनं भिंतीवर लिहितात तेव्हा पहिलाच ऱ्ह चुकवतात.

सरांनी चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली. वही तपासायला मिळत नाही म्हणून आता ते गाव तपासतात. लग्नपत्रिका आली की आधी तारीख बघत नाहीत, 'आशीर्वाद'मधला शी बघतात. तो दीर्घ असेल तर लग्नाला जातात, ऱ्हस्व असेल तरी जातात, पण मग आहेराच्या पाकिटात पत्रिकाही परत जाते, गोल करून. एकदा नाक्यावरच्या श्रद्धांजलीच्या फलकासमोर ते बराच वेळ मान खाली घालून उभे होते. येणारे-जाणारे हळहळले. सर 'भावपुर्ण'मधला ऱ्हस्व पु पचवत होते.

तर अशा माणसाच्या बरोब्बर डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, आम्ही राहतो. आणि अशा माणसाची आम्ही एक रात्र खराब केली.

कोजागरी दर वर्षी गच्चीवर व्हायची. या वेळी गच्चीवर गळतीचं काम चालू होतं, म्हणून ती आमच्या हॉलमध्ये भरली. माणसं वीस, प्लॅस्टिकच्या खुर्च्या चौदा, चाकं लावलेला एक कराओकेचा स्पीकर, आणि दूध. दूध आटत आलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, आणि तेव्हा बायकोच्या लक्षात आलं की बदाम-पिस्ते-वेलचीची पूड करायची राहिली आहे. मिक्सर लावला तर आवाज होईल, या थोर सामाजिक जाणिवेतून आम्ही लोखंडी खलबत्ता काढला आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर ठेवून मेव्हण्यानं पंधरा मिनिटं कुटला.

पाहुणे एक वाजता गेले. एक वाजून दहा मिनिटांनी माझं मन मला खाऊ लागलं, आणि ते पुरतं खाऊन व्हायच्या आत मी सरांच्या घरी निरोप धाडला. सर स्वतः मोबाईल वापरत नाहीत, काकूंचा आहे. निरोप असा होता:

'नमस्कार. आज आमच्याकडे छोटासा घरगुती कार्यक्रम असल्याने थोडाफार आवाज झाला असण्याची शक्यता आहे. आपणांस काही त्रास झाला असल्यास क्षमस्व.'

शेवटी जोडलेले दोन हात. मी समाधानानं झोपलो.

सकाळी साडेआठला वॉचमन आखीव वहीचं एक पान घेऊन आला. माझा निरोप त्यावर सरांच्या सुवाच्य अक्षरात, एक ओळ सोडून एक, उतरवलेला होता आणि मधल्या ओळी लालभडक होत्या. तळाशी शेरा: 'दहापैकी दोन. हात जोडल्याचे दोन. समक्ष भेटणे.'

समक्ष भेटलो. सर झोपाळ्यावर बसले होते. काकू दिसल्या नाहीत, पण स्वयंपाकघरात भांडी जरा मोठ्यानं लागत होती.

"बस. पहिला शब्द सांग. 'आज' म्हणजे कधी?"

"म्हणजे काल, सर. कोजागरीच्या रात्री."

"तू पाठवलास एक वाजून दहा मिनिटांनी. हिनं वाचला सकाळी सहाला. 'आज आमच्याकडे कार्यक्रम असल्याने.' हिला वाटलं आजही आहे! चहा न घेता बहिणीकडे ठाकुर्लीला निघाली होती, मी दारातून परत आणलं. 'असल्याने'ला काळ नसतो रे. तो तू 'आज'च्या खुंटीला टांगलास, आणि खुंटी रात्रीतून सरकली. निरोप लिहिणाऱ्याच्या घड्याळात लिहायचा नसतो, वाचणाऱ्याच्या घड्याळात लिहायचा असतो. तो सकाळी वाचला जाणार, तर 'काल रात्री' लिहायचं."

मी मान डोलावली.

"आणि पाठवायचाही सकाळीच. नुकता डोळा लागला होता हिचा. तो टुण्ण करून वाजला. आता त्या टुण्णबद्दल तू वेगळी माफी मागणार आहेस, की दोन्हींची एकत्र?"

यानंतरचा पाऊण तास माझ्या आयुष्यातला भूतकाळाचा सर्वांत सविस्तर तास होता. शाळेत आम्हाला भूतकाळ चार प्रकारचा असतो एवढंच सांगितलं होतं. तो शेजाऱ्यावर चार प्रकारे वापरता येतो हे सांगितलं नव्हतं.

"'आवाज झाला होता' असं कधी लिहू नये," सर म्हणाले. "पूर्ण भूतकाळ. तो वाचला की माणूस पुढच्या घटनेची वाट बघतो. आवाज झाला होता, तेव्हा काय? पोलीस आले? शिवाय त्यात एक 'जाऊ द्या ना आता' असतं. भांडणात बघ, 'मी माफी मागितली होती' असं म्हणतात. म्हणजे हिशेब मिटला, पुन्हा काढू नका. 'आवाज होत होता' लिहिलंस तर ते वर्णन झालं. बाहेर पाऊस पडत होता, आत आवाज होत होता, कथा सुरू होते आहे. आणि 'आम्ही दर वर्षी कोजागरी करत असतो' हा रीती वर्तमानकाळ तर मुळीच नको. ती माफी नाही, पुढच्या वर्षीची नोटीस आहे."

"मग साधा भूतकाळ."

"साधा. केला, मोडली, चुकलं. ज्याचं काम झालं, फळ दिसलं, आणि जो पुन्हा उघडायचा नाही, त्याला साधा भूतकाळ पुरतो. पण तू तो वापरला नाहीस. तू काय लिहिलंस? 'झाला असण्याची शक्यता आहे.' अरे, तू तिथं होतास की नव्हतास? शक्यता हवामान खात्यानं सांगावी. आणि पुढे 'त्रास झाला असल्यास'!"

इथं सर झोपाळ्यावरून उठले. 'असल्यास'शी त्यांचं जुनं वैर आहे. लिफ्ट, पाणीकपात, सत्यनारायण, सगळीकडे तो त्यांना भेटतो.

"असल्यास म्हणजे असेल तर. म्हणजे नसेलही. आता झाला हे कोणी सिद्ध करायचं? मी? रात्रभर मी जागायचं आणि सकाळी पुरावाही मीच द्यायचा! 'असल्यास' लिहिणारा माणूस माफी मागत नाही, तो माफीचा अर्ज मागवतो. ज्यांना त्रास झाला त्यांनी विहित नमुन्यात कळवावे."

मला माझी बाजू मांडणं भाग होतं. मी म्हटलं, "सर, पण खरंच कळत नाही ना, खाली किती ऐकू जातं ते."

"कळत नाही तर विचारावं. 'काल रात्री खाली आवाज आला का' हा सरळ प्रश्न आहे, तो स्वतंत्रपणे विचारता येतो. प्रश्न आणि माफी एका वाक्यात कोंबली की दोन्ही मरतात."

ही गोष्ट मला पटली, आणि अजून पटते. शंका खरी असेल तर प्रश्न विचारावा. खात्री असेल तर 'असल्यास' काढावा. आपण तो ठेवतो, कारण तो सभ्य वाटतो. आमच्या पिढीला सभ्यता म्हणजे वाक्य लांब करणं असं कुणी शिकवलं कोण जाणे. बहुधा बँकांनी.

मग 'आपणांस'वर गाडी आली. "गेली बारा वर्षं जिन्यात 'काय सर, कसे आहात' म्हणतोस. एका रात्रीत मी 'आपणांस' झालो? माणसानं अचानक आपण-आपण सुरू केलं की समजावं, याला एकतर पैसे हवेत नाहीतर याचा वकील मागे उभा आहे. शिवाय 'आपण'मध्ये तूही येतोस. 'आपल्याला काल झोप मिळाली नाही' हे वाक्य तू लिहिलंस तर कोण जागलं? तू की मी? मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे ठेवलेत ते याच्यासाठीच. आवाज आम्ही केला, आपण नाही. तुमची झोप मोडली, आपली नाही."

"'आवाज केला' की 'आवाज झाला'?" मी विद्यार्थ्यासारखा विचारून बसलो आणि सरांचा चेहरा उजळला. अठरा वर्षांत बहुधा कुणी स्वतःहून प्रश्न विचारला नसावा.

"पोरगं पेला फोडतं आणि काय सांगतं? 'आई, पेला फुटला.' जणू पेल्यालाच कंटाळा आला. तसा हा 'आवाज झाला'. पाऊस झाला, उशीर झाला, आवाज झाला. कर्ता गायब. मी म्हणतो, 'आम्ही आवाज केला' लिही. आता गंमत बघ. भूतकाळात सकर्मक क्रियापद आलं की मराठीत कर्मणी प्रयोग होतो. 'आम्ही आवाज केला, आम्ही खुर्ची ओढली.' क्रियापद आमच्याकडे बघतच नाही, आवाजाकडे आणि खुर्चीकडे बघतं. कबुली दिली तरी क्रियापदाची पाठ तुझ्याकडे! भाषेनं एवढी सोय आधीच करून ठेवलेली असताना तुला आणखी लपायचं असतं?"

'दिलगीर'ची चौकशी मीच केली, कारण माझ्या डोक्यात दुसरा मसुदा तयार होत होता. सर म्हणाले, "शब्द फारसी. दिल धरलं गेलंय, मन खिन्न आहे. खिन्न असायला चूक करावी लागत नाही. म्हणून मोठ्या लोकांना तो आवडतो. दिलगीर आहोत म्हणजे आम्हाला वाईट वाटतंय. वाटू दे. माफी मागितली की समोरच्याच्या हातात काहीतरी जातं, तो देईल किंवा नाही देणार. आणि हो, दिलगीरमधला गी दीर्घ, दिलगिरीतला ऱ्हस्व. लोक नेमकं उलटं लिहितात."

एवढी शिदोरी घेऊन मी वर आलो आणि दुसरा मसुदा केला. तो चौदा ओळींचा झाला. त्यात गच्चीचं काम आलं, ते काम लांबवणारा ठेकेदार आला, मेव्हण्याची बदली झाल्यामुळे हीच शेवटची कोजागरी असल्याचं आलं, आणि मिक्सर न लावण्यामागची आमची भूमिका आली. शेवटी 'याबद्दल मनःपूर्वक माफी मागू इच्छितो, पण लहान मुलं असल्याने नाइलाज होता.' मध्येच आमचे सेक्रेटरी भेटले, त्यांनी कायदा घातला. सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र धरतात आणि निवासी भागात त्या वेळी मर्यादा 45 डेसिबल असते, तर 'आमचा आवाज मर्यादेत असावा' असं लिहून टाक म्हणाले. मी टाकलं.

पान दुपारी परत आलं. चौदापैकी अकरा ओळींवर एकच तिरपी रेघ होती. मार्क दीड.

या खेपेला सर चिडले नव्हते, थकले होते. "'मागू इच्छितो' म्हणजे काय? इच्छा आहे ना? मग माग. चहा पिऊ इच्छितो म्हणून कोणी कप हातात धरून बसतं का? 'मागत आहे'सुद्धा नको, माफी काही पाइपातून येत नाही, की येत आहे, येत आहे, अजून येत आहे. माफी म्हणताक्षणी मागून होते, म्हणून तिथं साधा वर्तमानकाळ. मागतो. अख्ख्या निरोपात वर्तमानकाळ शोभतो तो या एकाच जागी. आणि माफीनंतर 'पण' लिहिलास की मागची माफी आपोआप रद्द. कारण द्यायचंच असेल तर एक द्यावं, आणि ते माफीच्या आधी. तुझ्याकडे एकही सांगण्याजोगं नाही."

"आणि डेसिबल?"

"ते पोलिसांत जायचं असेल तर. मी पोलिसांत गेलो का? मग तू का कोर्टात निघालास?" मग जरा थांबून म्हणाले, "बरं, मला हे सांग, तू नक्की कशाची माफी मागतोयस?"

"गाण्यांची. कराओकेची."

सर हसले. स्वयंपाकघरातली भांडी थांबली आणि काकू पदराला हात पुशीत बाहेर आल्या.

"गाणी कुठं ऐकू आली रे? थोडी आली खिडकीतून, ती मी खिडकी लावली. ठण ठण ठण ते काय होतं? साडेअकराला? माझ्या उशीखाली कुणीतरी घण घालत होतं! आणि मग त्या खुर्च्या. खर्रर्र. हे तर झोपले होते, यांना काही नाही. जागी मी होते."

तर असं होतं. दोन मसुदे मी ज्या अपराधाबद्दल लिहिले तो झालाच नव्हता, आणि जो झाला त्याचा त्यात शब्द नव्हता. नंतर माझ्या एका इंजिनिअर भाच्यानं समजावून दिलं. गाण्याचा आवाज हवेतून येतो, काँक्रीटचा स्लॅब त्यातला बराचसा अडवतो. खलबत्ता मात्र थेट स्लॅबवरच बसतो. प्रत्येक ठोक्याला स्लॅबच वाजतो, आणि खालच्या घरासाठी तो स्लॅब म्हणजे छत. खुर्च्यांच्या पायांचंही तेच. घरात बसलेल्याला गाणी मोठी वाटतात आणि खलबत्ता किरकोळ, खाली झोपलेल्याला बरोबर उलटं. आमच्या आजीला हे भाच्याविना ठाऊक होतं. ती खलबत्त्याखाली पोत्याची चौपदरी घडी घालायची. आम्हाला वाटायचं, फरशीला जपते.

आणखी एक गोष्ट निघाली. माफी मी सरांची मागत होतो आणि त्रास काकूंना झाला होता. सर झोपले होते. दोन्ही पानांवर त्यांनी जो संताप ओतला तो सगळा शुद्ध व्याकरणाचा होता.

"मला माहीत होतं," सर शांतपणे म्हणाले. "पण चूक विद्यार्थ्याला स्वतः सापडली पाहिजे."

तिसरा मसुदा मी तिथंच बसून लिहिला, त्यांच्याच वहीत. भविष्यकाळाशी थोडी झटापट झाली. मी लिहिलं, 'पुन्हा असं होणार नाही.' सरांनी 'होणार'खाली रेघ ओढली. इथंही कर्ता पळाला म्हणाले. मी 'पुन्हा कधीही आवाज करणार नाही' केलं, तर काकूच म्हणाल्या, "खोटं कशाला लिहितोस? पोरं आहेत घरात." खरं होतं. जेवढं आपल्या हातात आहे तेवढ्याचाच भविष्यकाळ लिहावा, यावर शेवटी तिघांचं एकमत झालं. निरोप असा उतरला:

'काकू, काल रात्री साडेअकराला आम्ही फरशीवर खलबत्ता कुटला आणि एक वाजेपर्यंत खुर्च्या ओढल्या. तुमची झोप मोडली. चुकलं आमचं, माफी मागतो. यापुढे रात्री दहानंतर कुटणार नाही, आणि माणसं जमली तर खुर्च्या न मांडता सतरंजीवर बसू.'

मोजले तर चौतीस शब्द भरले. पहिली दोन वाक्यं साध्या भूतकाळात, माफी वर्तमानात, वचन भविष्यात. क्षमस्व नाही, आपणांस नाही, असल्यास नाही. सरांनी तो दोनदा वाचला आणि लाल पेनाचं टोपण लावलं, जे मी बारा वर्षांत प्रथमच पाहिलं.

"आता वर जा आणि पाठव."

"समोरच बसल्यात की काकू. तोंडी सांगतो."

"तोंडी सांगच. पण पाठवही. तिला बहिणीला दाखवायचाय."

मी उठलो. दारापर्यंत गेलो तेव्हा काकूंनी मागून हाक मारली.

"आणि तो खलबत्ता आमचा आहे. गेल्या दिवाळीत चकलीच्या भाजणीचे धने कुटायला नेला होता तुझ्या बायकोनं."

मी पेन मागून घेतलं आणि खाली एक वाक्य जोडलं: 'खलबत्ता संध्याकाळी आणून देतो.' सरांनी टोपण पुन्हा काढलं, 'देतो' खोडलं आणि वर लिहिलं 'दिला'. मग म्हणाले, "आधी आण, मग पाठव."

खलबत्ता मी दहा मिनिटांत नेऊन दिला, पुसून, खाली पोत्याची घडी घालून. निरोप त्यानंतर गेला. दुसऱ्या दिवशी वॉचमनबरोबर पान आलं: दहापैकी साडेआठ. दीड मार्क कशाचा कापला ते लिहिलेलं नाही, आणि विचारायला खाली जायची माझी अजून हिंमत झालेली नाही.